हाइस्ट सिनेमात आधी सांगितलेला प्लॅन एक आणि घडतं भलतंच, असं का असतं?

(पुढे 'स्पेशल २६' आणि 'ओशन्स इलेव्हन' या दोन सिनेमांचा शेवट सांगितला आहे. बघायचे राहिले असतील तर आधी बघून या.)

दिवाळीत घरी हिवरा आश्रमला गेलो होतो. रात्री जेवणं आटोपली आणि टीव्हीवर 'स्पेशल २६' लागला. आमच्याकडे सिनेमा एकटा कुणी बघत नाही. काका, काकू, चुलतभाऊ, शेजारचे दोघंतिघं, सगळे जमले. शेवटी मनोज बाजपेयीच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला, मागे घडलेले प्रसंग पुन्हा दाखवायला सुरुवात झाली आणि काकांनी रिमोट उचलून आवाज बंद केला.

"आधी त वेगळंच सांगतलं होतं ना बाप्पा. मंग हे केव्हा केलं यायनं?"

चुलतभाऊ म्हणाला, "काका, हाच त ट्विस्ट आहे." काकांचं समाधान झालं नाही. "ट्विस्ट नाही, लपवाछपवी आहे," म्हणून ते झोपायला गेले.

मला मात्र त्यांचा प्रश्न अगदी नेमका वाटला. हाइस्ट सिनेमा म्हणजे मोठ्या, आखूनरेखून केलेल्या चोरीची गोष्ट. या सिनेमांची एक ठरलेली चाल असते. सुरुवातीला टोळी टेबलाभोवती बसते, नकाशा पसरते आणि आपल्याला पूर्ण प्लॅन समजावून सांगते. मग चोरी होते आणि काहीतरी बिनसतं. सगळं संपलं असं वाटत असतानाच सिनेमा मागे जातो, तेच प्रसंग दुसऱ्या बाजूने दाखवतो आणि कळतं की जे बिनसलं असं वाटत होतं तेही ठरलेलंच होतं.

एवढा वेळ घालवून प्लॅन समजावायचा आणि मग तो तसा नव्हताच असं सांगायचं, हा उलटा उद्योग का करतात? याचं उत्तर 'स्पेशल २६' ज्या खऱ्या घटनेवर बेतलाय, त्या घटनेतच सापडतं.

मुंबई, मार्च १९८७

१७ मार्च १९८७ रोजी 'टाइम्स ऑफ इंडिया'त एक छोटी जाहिरात आली. गुप्तचर अधिकारी आणि सुरक्षा अधिकारी या पदांसाठी तडफदार पदवीधर हवेत, मुलाखती दुसऱ्या दिवशी ताजमहाल हॉटेलमध्ये. सरकारी नोकरीची जाहिरात आणि मुलाखत ताजमध्ये, म्हटल्यावर उमेदवारांची रांग लागली. मुलाखती घेणारा माणूस अधिकाऱ्यासारखाच वागत-बोलत होता. त्याने २६ जण निवडले.

१९ मार्चला या २६ जणांना पुन्हा बोलावलं. त्यांना सांगण्यात आलं की आज सरावाचा छापा घालायचा आहे. छापा कसा घालतात, दुकान कसं ताब्यात घेतात, हे प्रत्यक्ष शिकायचं. सगळे बसमध्ये बसले आणि दुपारी ऑपेरा हाउसजवळच्या त्रिभोवनदास भीमजी झवेरी या पेढीवर पोचले.

साहेबांनी आपण सीबीआयचे असल्याचं सांगितलं, झडतीचं वॉरंट दाखवलं. नव्या 'अधिकाऱ्यां'नी दारं अडवली, कुणी आत-बाहेर करायचं नाही, कुणी फोन करायचा नाही. शुद्धता तपासायला नमुने हवेत म्हणून साहेबांनी दागिने आणि रोकड गोळा करायला लावली, पिशव्यांत भरून सील केली. मग त्या पिशव्या घेऊन, आणखी एका ठिकाणच्या छाप्यावर देखरेख करायची आहे असं सांगून, साहेब बाहेर पडले. पोरांना हुकूम होता की आम्ही येईपर्यंत जागा सोडायची नाही.

साहेब परत आलेच नाहीत. बराच वेळ गेल्यावर पेढीच्या मालकांना शंका आली आणि पोलिसांना फोन गेला. पोलीस पोचले तेव्हा २६ जण तिथेच इमानदारीत उभे होते. सुमारे ३० ते ३५ लाखांचा ऐवज गेला होता, त्या काळातले ३५ लाख. तो माणूस आजतागायत सापडलेला नाही.

आता या घटनेकडे त्या २६ जणांच्या जागी उभं राहून बघा. त्यांना एक स्वच्छ प्लॅन सांगितला होता. बस, दुकान, दारं अडवणं, झडती, नमुने, सील. सगळं अगदी सांगितल्याप्रमाणे घडलं. कुठेही गडबड झाली नाही, म्हणून कुणाला संशय आला नाही. प्लॅनमधली एकच ओळ त्यांना सांगितलेली नव्हती. ती म्हणजे साहेब इथून निघून जाणार आहेत.

हाइस्ट सिनेमात प्रेक्षकाला नेमकं याच जागी बसवतात. टेबलाभोवती टोळी प्लॅन ऐकत असते तेव्हा आपल्याला वाटतं की आपणही टोळीतलेच आहोत. खरं तर आपण ते २६ जण असतो. आपल्याला प्लॅन माहिती म्हणून सांगत नाहीत, आपण दार धरून उभं राहावं म्हणून सांगतात.

सगळं ठरल्याप्रमाणे झालं तर गोष्ट कुठे आहे?

आधी साधी अडचण बघू. आमच्या गावात दरवर्षी विवेकानंद जन्मोत्सवाला महाप्रसाद होतो. शेतात पंगतींच्या लांबच लांब रांगा बसतात आणि रांगांमधून ट्रॅक्टर फिरवून पुरी-भाजी वाढली जाते. समजा मी तुम्हाला आधी सांगितलं की कुठला ट्रॅक्टर कुठल्या रांगेतून कसा जाणार आहे. मग तो तस्साच गेला आणि तेही मी तुम्हाला पुन्हा सविस्तर सांगितलं. तुम्ही दुसऱ्या वेळी ऐकणार नाही. नियोजनाच्या दृष्टीने हे उत्तम काम झालं, पण गोष्ट म्हणून त्यात 'पुढे काय' उरलेलं नाही.

चोरीच्या सिनेमाचंही हेच. प्लॅन पूर्ण सांगितला आणि तो पूर्ण यशस्वी झाला, तर प्रेक्षकाने एकच गोष्ट दोनदा बघितली. म्हणून सांगितलेलं आणि घडलेलं यांत फरक पाडावाच लागतो. तो पाडायचे ढोबळमानाने तीन मार्ग आहेत.

पहिला मार्ग म्हणजे प्लॅन सांगायचा आणि मोडू द्यायचा. १९५० चा 'द अस्फाल्ट जंगल' किंवा १९५६ चा स्टॅन्ली कुब्रिकचा 'द किलिंग' या पद्धतीचे. प्लॅन चांगला असतो, माणसं कच्ची निघतात किंवा नशीब आडवं येतं. आपल्याकडचा श्रीराम राघवनचा 'जॉनी गद्दार' (२००७) याच घरातला.

दुसरा मार्ग म्हणजे फार न बोलता थेट करून दाखवायचं. १९५५ च्या 'रिफिफी' या फ्रेंच सिनेमात दागिन्यांच्या दुकानातल्या चोरीचा प्रसंग जवळपास अर्धा तास चालतो आणि त्यात ना संवाद आहे ना पार्श्वसंगीत. पुढच्या क्षणी हे लोक काय करतील ते बघायला आपण श्वास रोखून बसतो.

तिसरा मार्ग आपल्या विषयाचा. प्लॅन सांगायचा, तो मोडल्यासारखं दाखवायचं आणि शेवटी कळू द्यायचं की मोडलाच नव्हता. हा तिघांत सगळ्यांत अवघड, कारण इथे प्रेक्षकाला फसवायचंही असतं आणि फसवल्याबद्दल त्याचा रागही ओढवून घ्यायचा नसतो.

प्लॅन स्वच्छ का लागतो?

लपवायचंच आहे, तर आधी सांगायची गरजच काय, असं वाटू शकतं. गरज आहे, आणि दोन कारणांसाठी.

एक म्हणजे, काय बिघडलं हे कळायला काय ठरलं होतं ते माहीत असावं लागतं. लिफ्ट तीन मिनिटांत यायला हवी हे आपल्याला आधी सांगितलं नसेल, तर चौथ्या मिनिटाला आपल्या पोटात गोळा येणार नाही. पहारेकरी कुठे उभा असतो, तिजोरीचं दार कुठल्या बाजूला आहे, कोणाचं काम काय, हे सगळं प्लॅनच्या प्रसंगात आपल्या डोक्यात बसवलेलं असतं. धावपळीच्या वेळी हे समजावत बसायला सवड नसते.

दुसरं कारण जास्त महत्त्वाचं. प्लॅन आपल्याला कुठे बघायचं ते सांगतो. जादूगार रिकामा उजवा हात उंच करून दाखवतो, तेव्हा डावा हात काय करतोय हे आपण बघत नाही. प्लॅनमध्ये तिजोरीबद्दल दहा गोष्टी सांगितल्या की चोरीच्या वेळी आपले डोळे तिजोरीला चिकटतात. खरा बदल मग तिजोरीपासून लांब, आपल्याला आधीच 'समजलेल्या' जागी करता येतो.

म्हणून असा प्लॅन भरगच्च असतो, पण त्यात एक खड्डा ठेवलेला असतो. तो खड्डा कसा बुजवतात, हे बघायला 'ओशन्स इलेव्हन' हे उत्तम उदाहरण आहे.

एक चोरी, सुटी करून

स्टीव्हन सोडरबर्गचा 'ओशन्स इलेव्हन' २००१ साली आला. लास व्हेगासमधल्या तीन कसिनोंची रोकड बेलाजिओ या कसिनोखालच्या एकाच तिजोरीत जाते. बॉक्सिंगच्या मोठ्या सामन्याच्या रात्री तिथे १६ कोटी डॉलरच्या आसपास रक्कम असणार आहे. डॅनी ओशन अकरा जणांची टोळी जमवतो.

प्लॅनच्या प्रसंगात अडथळ्यांची यादी येते. कॅमेरे, कोड लागणारी दारं, लिफ्ट, बंदूकधारी पहारेकरी, शेवटी तिजोरीचं अवाढव्य दार. यादी इतकी तपशीलवार आहे की आपल्याला वाटतं, सगळं सांगून झालं. मग टोळीतला म्हातारा सॉल विचारतो की समजा हे सगळं पार केलं, तर एवढी रोकड घेऊन आपण कुणी अडवल्याशिवाय सरळ बाहेर चालत यायचं? डॅनी शांतपणे 'हो' म्हणतो. सॉल 'बरं' म्हणतो. आपण हसतो आणि सिनेमा पुढे जातो.

हाच तो खड्डा. आत कसं जायचं हे सगळं सांगितलं, बाहेर कसं यायचं ते सांगितलंच नाही. आणि विनोद करून तो प्रश्न आपल्या हातातून काढून घेतला. ऑपेरा हाउसच्या २६ जणांनाही आत कसं जायचं हे व्यवस्थित शिकवलं होतं, साहेब बाहेर कसे जाणार हे मात्र कुणी विचारलं नव्हतं.

टोळी दुसरी एक गोष्ट उघडपणे करते. तिजोरीची हुबेहूब प्रतिकृती बांधते. सरावासाठी का, असं विचारल्यावर 'तसंच काहीसं' अशा अर्थाचं उत्तर मिळतं. ते खोटं नाही, पूर्ण खरंही नाही. आपण मनात 'सराव' अशी चिठ्ठी लावून ती प्रतिकृती बाजूला ठेवतो.

चोरीच्या रात्री कसिनोचा मालक बेनेडिक्ट याला फोन येतो. तुझी तिजोरी आमच्या ताब्यात आहे, अर्धी रक्कम बाहेर गाडीत नेऊन ठेव, नाहीतर सगळीच उडवून देऊ. बेनेडिक्ट पडद्यावर बघतो तर तिजोरीत खरोखर चोर वावरताना दिसतात. तो पिशव्या गाडीत भरू देतो, गाडीमागे आपली माणसं लावतो आणि पोलिसांच्या विशेष पथकाला बोलावतो. पथक येतं, आत गोळीबार होतो. आपल्याला वाटतं, संपलं. सापडले.

पण आत कुणीच नाही. गाडीत ड्रायव्हर नाही आणि पिशव्यांत नोटांऐवजी जाहिरातींचे कागद आहेत. बेनेडिक्ट पडद्यावरचं चित्रीकरण पुन्हा बघतो आणि त्याचं लक्ष तिजोरीच्या जमिनीकडे जातं. खऱ्या तिजोरीच्या जमिनीवर त्याने नुकतंच कसिनोचं नाव घालून घेतलंय. पडद्यावरच्या जमिनीवर ते नाव नाही.

आता सिनेमा मागे जातो. पडद्यावर दिसत होती ती खरी तिजोरी नव्हती, प्रतिकृती होती, आणि चित्रीकरण आधीच करून ठेवलेलं होतं. बेनेडिक्टने पोलिसांना केलेला फोन टोळीनेच उचलला होता. विशेष पथक म्हणून आलेले लोक टोळीचेच होते. ते हत्यारांच्या पिशव्या घेऊन आत गेले आणि त्याच पिशव्यांत रोकड भरून सगळ्यांसमोरून बाहेर पडले. सॉलच्या प्रश्नाला डॅनीने दिलेलं 'हो' हे उत्तर शब्दशः खरं होतं. ते सरळ चालत बाहेर आले.

या रिप्लेमध्ये तीन गोष्टी बघण्यासारख्या आहेत. पहिली म्हणजे तो सगळी चोरी पुन्हा सांगत नाही. ज्या जागा आपण आधी बघितल्या होत्या त्याच जागांचे मोजके तुकडे दाखवतो, फक्त कॅमेरा दुसऱ्या बाजूला असतो. दुसरी म्हणजे हा रिप्ले फसलेल्या माणसाच्या चेहऱ्यावरून सुरू होतो. बेनेडिक्टला कळतं त्याच क्षणी आपल्यालाही कळतं. 'स्पेशल २६' मध्येही तो मनोज बाजपेयीच्या चेहऱ्यापासूनच सुरू होतो. आपली फसवणूक झाली ही चरचर मग पडद्यावरच्या त्या माणसाच्या वाट्याला जाते आणि आपण टोळीच्या बाजूने हसायला मोकळे होतो. आणि तिसरी गोष्ट म्हणजे काळ.

काकांच्या प्रश्नाचं उत्तर इथे आहे. प्लॅनच्या प्रसंगात सगळी क्रियापदं भविष्यात असतात. आपण असं करू, मग तिथून जाऊ. चोरीच्या प्रसंगात ती वर्तमानात येतात. करतोय, येतोय, अडकला. रिप्लेमध्ये ती एक पाऊल मागे जातात. केलं होतं, ठेवलं होतं, बदललं होतं. 'करू' आणि 'केलं होतं' यांच्यामध्ये जे काही घडून गेलेलं असतं, ते आपल्याला दाखवलेलं नसतं. काका म्हणाले, "हे केव्हा केलं?" तर ते तिथे केलं.

'स्पेशल २६' ची वेगळी खेळी

नीरज पांडेंचा 'स्पेशल २६' फेब्रुवारी २०१३ मध्ये आला. जाहिरात, हॉटेलातल्या मुलाखती, निवडलेली पोरं, बस, सराफाचं दुकान, हे सगळं १९८७ च्या घटनेतून घेतलंय. पण पांडेंसमोर एक मोठी अडचण होती. खऱ्या घटनेची मांडणी प्रेक्षकाला माहीत असण्याची शक्यता होती आणि नसली तरी जाहिरात दाखवली की पुढचं कळतंच. लपवायला उरलं काय?

त्यांनी खऱ्या घटनेत नसलेला एक माणूस आणला. वसीम खान, सीबीआयचा खरा अधिकारी. टोळीचा पुढचा डाव त्याला आधीच कळतो. तो दुकानातले खरे दागिने काढून वर्कशॉपमध्ये हलवतो, दुकानात खोटे मांडतो आणि सापळा लावून बसतो.

'ओशन्स इलेव्हन'मध्ये आपल्याला फक्त चोरांचा प्लॅन माहीत असतो. इथे चोरांचा प्लॅनही माहीत आहे आणि पोलिसांचा सापळाही. दोन्ही बाजूंचे पत्ते उघडे आहेत म्हटल्यावर लपवलेलं काही असेल ही शंकाच येत नाही. आपण फक्त सापडतात की सुटतात एवढंच बघत बसतो.

लपवलेला पत्ता तिसऱ्याच हातात असतो. दिल्लीतल्या पहिल्या बनावट छाप्यात जो पोलीस अधिकारी फसला असं आपण बघितलं, तो रणवीर सिंग, म्हणजे जिमी शेरगिल, मुळात टोळीचाच माणूस असतो. फसलेला अधिकारी म्हणून तो वसीमच्या पथकात शिरतो आणि सापळ्याची बातमी टोळीला मिळत राहते. बस दुकानापाशी पोचते तेव्हा वसीम दुकानात वाट बघत असतो आणि टोळी वर्कशॉपमध्ये छापा घालत असते. खरे दागिने एका जागी गोळा करून ठेवण्याचं कष्टाचं काम वसीमनेच त्यांच्यासाठी केलेलं असतं.

म्हणजे लपवलेला बदल प्लॅनमध्ये नव्हताच. तो पहिल्या काही मिनिटांतच झाला होता, आपण अजून सावध व्हायच्या आधी.

फसवणं आणि थाप मारणं यात फरक काय?

काकांचा दुसरा आरोप लपवाछपवीचा होता. तो काही वेळा खरा असतो. चांगला रिप्ले आणि लबाड रिप्ले ओळखायची एक सोपी कसोटी आहे. सिनेमा दुसऱ्यांदा बघा आणि रहस्य माहीत असताना आधीचे प्रसंग जुळतात का ते तपासा.

सिनेमाला काही गोष्टी न दाखवण्याचा हक्क आहे. दाखवलेली गोष्ट नंतर खोटी ठरवण्याचा हक्क नाही. पात्रं एकमेकांशी खोटं बोलू शकतात, कारण माणसं बोलतात. पण जे पात्र नाटक करतंय, ते कुणापुढे नाटक करतंय हे विचारा. समोर फसवायला कुणीतरी असेल तर ठीक. खोलीत ते पात्र एकटंच आहे, समोर कुणीही नाही आणि तरीही आपण फसलो म्हणून डोकं धरून बसलंय, तर ते नाटक फक्त तुमच्यासाठी चाललंय. तिथे टोळीने कुणाला फसवलेलं नाही, दिग्दर्शकाने तुम्हाला थाप मारलीय. 'स्पेशल २६' पुन्हा बघाल तेव्हा रणवीर सिंगच्या प्रत्येक प्रसंगात हा प्रश्न विचारून बघा. पहिल्यापेक्षा दुसऱ्यांदा बघताना जास्त मजा येते.

चोख सिनेमातही फटी राहतात. 'ओशन्स इलेव्हन'च्या चाहत्यांना वर्षानुवर्षं एक प्रश्न छळतोय. नोटांच्या जागी भरलेले ते जाहिरातींचे कागद तिजोरीत पोचले कसे? आत गेलेल्यांच्या हातात तेवढं सामान दिसत नाही. पथक तर पिशव्या बाहेर गेल्यावर येतं. रिप्ले या प्रश्नाजवळ थांबतच नाही. तो वेगात आहे, संगीत सुरू आहे, आपण खूश आहोत, त्यामुळे पहिल्यांदा बघताना हे जाणवत नाही. यातून रिप्लेचं आणखी एक काम कळतं. तो उत्तरं देतो आणि त्याच झपाट्यात काही प्रश्न पुसूनही टाकतो.

अतिवापर झाला की ही चाल बोथट होते. नायक अडकला, पण आता मागे जाऊन दाखवतील की हेही ठरलेलंच होतं, असं आपण गृहीत धरायला लागतो. मग नायकाला कितीही मार बसो, आपल्याला काही वाटत नाही. शेवटी सगळंच ठरलेलं निघणार असेल, तर काळजी कशाची करायची?

खऱ्या घटनेचा रिप्ले

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेताना मी काकांना १९८७ ची खरी गोष्ट सांगितली. त्यांना अक्षय कुमारच्या टोळीत काही रस नव्हता. त्यांनी विचारलं, "त्या सव्वीस पोरायचं काय झालं मंग?"

सिनेमा हा प्रश्न फारसा विचारत नाही. ती पोरं नोकरीसाठी आली होती. पदवी होती, मुलाखत दिली, निवड झाली, पहिल्याच दिवशी साहेबांनी सांगितलेलं काम नीट केलं. पोलीस आले तेव्हा घटनास्थळी सापडले ते हेच. त्यांना आधी स्वतःवरचा संशय दूर करावा लागला आणि नोकरी तर मुळात नव्हतीच. रिप्लेमध्ये टोळीची हुशारी बघून आपण टाळी वाजवतो तेव्हा ही माणसं पडद्याच्या बाहेर गेलेली असतात.

आणि आणखी एक गोष्ट. त्या २६ जणांना स्वच्छ प्लॅन सांगितला गेला, तो पार पडला, काहीतरी बिनसलं. पण पुढचा भाग आलाच नाही. तो माणूस कोण होता, ऐवज घेऊन कुठल्या रस्त्याने गेला, कुणी मदत केली, हे त्यांच्यासमोर मागे जाऊन कुणी उलगडून दाखवलं नाही. सिनेमाला शेवट हवा म्हणून नीरज पांडेंनी वसीम खान आणि रणवीर सिंग निर्माण केले, उरलेला अर्धा भाग कल्पनेने भरला.

काकांना सिनेमातली ती शेवटची मिनिटं लपवाछपवी वाटली होती. खरं तर लपवलेलं उघड करण्याचं काम तीच करतात. मी तसं म्हटल्यावर काकांनी बशीतला चहा संपवला.

"सिनेमात निदान सांगतात त," ते म्हणाले. "ते पोरं अजून बी दारातच उभे असतीन."